विश्लेषण : साधा फिटनेस बँड की स्मार्टवॉच? पाच हजारांच्या बजेटमध्ये नेमके काय मिळते?

पहिल्यांदाच मनगटावर ‘स्मार्ट’ काही बांधायचे ठरवून दुकानात गेलेल्या ग्राहकासमोर विक्रेता साधारण तीन वस्तू मांडतो. एक अरुंद पडद्याचा फिटनेस बँड. दुसरे दोन हजारांतले मोठ्या पडद्याचे घड्याळ, ज्याच्या खोक्यावर कॉलिंग, रक्तदाब, शंभराहून अधिक खेळ असे सगळे छापलेले असते. तिसरे पंधरा-वीस हजारांचे, दिसायला दुसऱ्यासारखेच. मग प्रश्न पडतो, दोन हजारांत सगळे मिळत असेल तर बँड कशासाठी घ्यायचा आणि वीस हजार कशाला मोजायचे?

समजा, हा प्रश्न पिंपरीत राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ४८ वर्षांच्या एका महिलेचा आहे. बजेट पाच हजार रुपये. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे आणि रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले आहे. कामावर जाताना बसमध्ये फोन पर्समध्ये असतो, त्यामुळे घरचे फोन हमखास चुकतात. फोन साधा अँड्रॉइडचा आहे. अशा ग्राहकाने काय पाहून निवड करावी, याचा हा आढावा.

बाजारात वस्तू दोन आहेत की तीन?

नावे दोन असली तरी वस्तू तीन आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे फिटनेस बँड. पावले, हृदयाचे ठोके आणि झोप यांची नोंद ठेवणे, वेळ दाखवणे आणि फोनवर आलेल्या कॉल-मेसेजची सूचना देणे एवढे त्याचे काम. तिसरी वस्तू म्हणजे पूर्ण स्मार्टवॉच. अ‍ॅपलची घड्याळे, गुगलच्या ‘वेअर ओएस’वर चालणारी सॅमसंग, वनप्लस यांची काही घड्याळे या प्रकारात येतात. यांत फोनसारखी स्वतःची कार्यप्रणाली असते आणि अ‍ॅप स्टोअर असते. नकाशाचे, गाण्यांचे, संदेशांचे अ‍ॅप घड्याळातच उतरवून घेता येते.

या दोहोंच्या मधली, दोन ते पाच हजारांतली जी घड्याळे भारतात सर्वाधिक दिसतात, ती नावाने स्मार्टवॉच असली तरी आतून बहुतांशी बँडच असतात. पडदा मोठा, अंग धातूचे, बाजूला फिरणारी चावी, आत छोटा स्पीकर आणि माइक. पण अ‍ॅप स्टोअर नाही. कंपनीने कारखान्यात जे भरले, तेवढेच त्यात आयुष्यभर राहणार. हा दोष नव्हे, मात्र ग्राहकाला ते माहीत हवे. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला तरी उलगडा होतो: ‘या घड्याळात मला बाहेरचे एखादे नवीन अ‍ॅप टाकता येईल का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर समोर आहे तो मोठ्या पडद्याचा बँड आणि त्याची तुलना बँडशीच करायला हवी.

पदपथावर किंवा अनोळखी संकेतस्थळांवर हजारभर रुपयांत मिळणारी, महागड्या घड्याळांची हुबेहूब नक्कल असलेली घड्याळेही याच मधल्या गटात मोडतात. त्यांचे रूप तिसऱ्या वस्तूचे असते, आतला भाग मात्र पहिल्या वस्तूपेक्षाही हलका असू शकतो.

मग खरा फरक कशातून कळतो?

बॅटरीतून. सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ हा बँड फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात ४,९९९ रुपयांना आला. त्याची बॅटरी २०८ एमएएचची आणि एका चार्जमध्ये ती १३ दिवसांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. त्याच कंपनीच्या २०२१ मधल्या गॅलेक्सी वॉच ४ या पूर्ण स्मार्टवॉचच्या लहान आकाराची बॅटरी २४७ एमएएच, म्हणजे बँडपेक्षा मोठीच. तिचा कंपनीने सांगितलेला काळ मात्र ४० तासांपर्यंत.

कारण आत आहे. बँडमध्ये ठरावीक कामेच करणारी, अगदी लहान कार्यप्रणाली असते. काम नसले की प्रोसेसर जवळजवळ झोपतो. फिट ३ ची मेमरी (रॅम) १६ एमबी आहे, तर वॉच ४ ची दीड जीबी, म्हणजे सुमारे शंभरपट. अ‍ॅप चालवायची, वाय-फाय सांभाळायचे, आवाजी आज्ञा ऐकायच्या, तर तेवढे यंत्र सतत जागे ठेवावे लागते आणि ते जागरण बॅटरीच्या खात्यावर पडते. वनप्लसने आपल्या वॉच २ मध्ये या अडचणीवर दोन चिप बसवण्याचा उपाय केला. जड कामांसाठी एक आणि वेळ दाखवण्यासारख्या हलक्या कामांसाठी दुसरी, बँडसारखी. त्यातून कंपनी शंभर तासांपर्यंतचा दावा करते. तरीही तो बँडच्या निम्म्यापर्यंतही जात नाही.

कंपनीने सांगितलेले दिवस हे सोयीच्या परिस्थितीतले असतात. ठोक्यांची नोंद सतत चालू, पडदा पूर्ण उजेडात आणि दिवसाकाठी चार कॉल घड्याळावरून, असा वापर असेल तर १३ दिवसांचे सहा-सात दिवस होणे स्वाभाविक. तरीही आठवड्याला एक चार्ज म्हणजे वर्षाला ५२ वेळा. पूर्ण स्मार्टवॉच रोज लावले, तर ३६५ वेळा. बॅटरीची क्षमता काहीशे चार्जनंतर हळूहळू घटू लागते. रोजच्या चार्जने दोन वर्षांत सातशेचा आकडा ओलांडला जातो, आठवड्याच्या चार्जने तो जेमतेम शंभरावर जातो. या छोट्या यंत्रांची बॅटरी बदलून घेणे बहुतेक वेळा परवडत नाही. त्यामुळे हा फरक थेट वस्तूच्या आयुष्याचा आहे.

शिवाय झोपेची नोंद हवी असेल, तर घड्याळ रात्री हातावर हवे. रोज चार्ज करावे लागणारे घड्याळ नेमके रात्रीच चार्जरवर असते, असा अनुभव अनेकांना येतो. मग आंघोळ-नाश्त्याच्या वेळेत ते चार्जला लावायची सवय करावी लागते.

महाग घड्याळ पावले आणि ठोके अधिक अचूक मोजते का?

पावलांच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही. दोन्हींत हालचाल टिपणारा एकच प्रकारचा सेन्सर असतो. हात झुलला की त्या झोक्याच्या लयीवरून पाऊल मोजले जाते. त्यामुळे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून चालले तर पावले कमी भरतात, आणि खड्ड्यांतून दुचाकी चालवली किंवा पोळ्या लाटल्या तर न चाललेली पावले जमा होऊ शकतात. रोजचा चुकीचा भाग साधारण सारखाच राहतो. म्हणून आजचा आकडा कालच्याशी ताडून पाहण्यासाठी बँड पुरेसा आहे. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

ठोक्यांची गोष्ट थोडी वेगळी. घड्याळाच्या मागे लुकलुकणारा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त क्षणभर वाढते, परतणारा प्रकाश कमी होतो आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. बसलेल्या माणसाचे ठोके नावाजलेल्या कंपनीचा बँडही ठीक मोजतो. अडचण हालचालीत येते. पट्टा सैल असला तर घड्याळ हलते, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि यंत्राला ठोका कोणता नि पाऊल कोणते हे कळेनासे होते. झपझप चालताना मिनिटाला ११५ पावले पडत असतील आणि ठोकेही बराच वेळ ११५ च्या आसपासच दिसत असतील, तर यंत्र पावलांनाच ठोके समजत असण्याची शक्यता आहे. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून थोडा घट्ट केला की अनेकदा हा दोष जातो.

पडताळणीचा उपाय घरगुती आहे. पाच मिनिटे शांत बसावे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मनगटावरची नाडी तीस सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी. त्याच वेळी घड्याळ काय दाखवते ते पाहावे. नंतर तीन मजले चढून लगेच पुन्हा तेच करावे. बसल्यावर चार-पाच ठोक्यांचा फरक चालून जातो. जिने चढल्यावर नाडी ११० असताना घड्याळ मिनिटभरानंतरही ८० वरच अडकले असेल, तर ते परत करण्याजोगे आहे.

झोपेबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की घड्याळ हालचाल आणि ठोके पाहून अंदाज करते. सोफ्यावर निश्चल पडून मालिका पाहिली, तर तीही झोपेत धरली जाऊ शकते. किती वाजता झोपलो आणि किती तास झोपलो, हे आठवड्याच्या सरासरीत उपयोगी आहे. गाढ झोप किती मिनिटे, हलकी किती, ही विभागणी मात्र मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

खोक्यावरच्या ‘बीपी’वर विसंबता येईल का?

नाही, आणि या खरेदीतली सर्वांत महागात पडू शकणारी चूक हीच आहे.

रक्तदाब मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे दंडाला पट्टा बांधून, हवा भरून रक्तवाहिनी दाबणे आणि हवा सोडताना दाबाची नोंद घेणे. मनगटावरच्या घड्याळात असे दाबणारे काहीच नसते. ते प्रकाशाच्या लहरीच्या आकारावरून अंदाज बांधते. सॅमसंगच्या काही घड्याळांत जिथे ही सोय अधिकृतपणे दिली आहे, तिथेही आधी दंडाच्या यंत्राने रक्तदाब मोजून तो आकडा घड्याळाला शिकवावा लागतो आणि दर २८ दिवसांनी ही जुळणी पुन्हा करावी लागते. म्हणजे तिथेही पट्ट्याचे यंत्र घरात लागतेच. जे स्वस्त घड्याळ अशी कोणतीही जुळणी न मागता थेट ‘१२०/८०’ दाखवते, त्याने तो आकडा कशावरून काढला, हा प्रश्न ग्राहकाने विचारायला हवा.

खात्री करून घेणे कठीण नाही. शांत बसून एकदा आणि जिने चढून आल्यावर लगेच एकदा मोजावे. दोन्ही वेळा आकडा ११८ ते १२२ यांतच घोटाळत असेल, तर तो मोजलेला नाही. घड्याळ पाण्याच्या बाटलीला गुंडाळूनही पाहता येते. बाटलीवर हृदयाचे ठोके दिसले म्हणून घड्याळ खोटेच असे म्हणता येत नाही, कारण परावर्तित प्रकाशातल्या गडबडीतून चांगल्या सेन्सरचीही फसगत होते. पण बाटलीचा रक्तदाबही निरोगी माणसासारखा येत असेल, तर त्या सोयीची किंमत शून्य समजावी.

रक्तातील साखरेचा दावा त्याहून गंभीर. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या स्मार्टवॉच व स्मार्ट अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. असे एकही घड्याळ किंवा अंगठी त्या संस्थेने मान्य केलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा कमी-जास्त झाली तर जिवावर बेतू शकते, हे त्यामागचे कारण. दंडावर चिकटवायचा आणि त्वचेखाली बारीक तंतू जाणारा ग्लुकोज सेन्सर ही वेगळी वस्तू आहे. तिचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजणारे घड्याळ नसते.

आपल्या उदाहरणातील महिलेला याचा थेट फटका बसू शकतो. घड्याळ रोज १२० दाखवते म्हणून तिने गोळी स्वतःच अर्धी केली, तर खरा दाब १५० असूनही महिनोन्महिने कळणार नाही. उच्च रक्तदाब बहुतेकदा काही जाणवू देत नाही.

घड्याळात जीपीएस हवेच का?

फोन खिशात घेऊन चालणार असाल, तर नको. अनेक बँड आणि घड्याळे फोनचेच जीपीएस वापरून अंतर मोजतात. खोक्यावर ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिले असेल, तर अर्थ हाच. घड्याळात स्वतःचे जीपीएस असले, तरच फोन घरी ठेवून अंतर आणि मार्ग बरोबर मिळतो. पाच हजारांच्या आसपासही अशी घड्याळे मिळतात. सीएमएफचे वॉच प्रो २ जुलै २०२४ मध्ये ४,९९९ रुपयांना आले, तेव्हा त्यात ही सोय होती. जीपीएस चालू असताना बॅटरी झपाट्याने उतरते, हे मात्र गृहीत धरावे.

दोन्ही नसेल, तर अंतर पावलांवरून गुणाकाराने काढले जाते. पाऊल किती लांब, हे घड्याळ उंचीवरून ठरवते. त्याने ७० सेंटिमीटर धरले आणि प्रत्यक्षात पाऊल ६२ सेंटिमीटरचे असले, तर ५,००० पावलांचे अंतर ३.१ किलोमीटर असताना ३.५ दिसेल. चारशे मीटरच्या धावपट्टीवर आतल्या पट्टीतून पाच फेऱ्या मारल्या की बरोबर दोन किलोमीटर होतात. घड्याळ तेव्हा २.२६ दाखवत असेल, तर फरक कुठून येतो हे कळते. काही अ‍ॅपमध्ये पावलाची लांबी स्वतः भरता येते. चालण्याचा व्यायाम करणाऱ्याला एवढे पुरते. धावण्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्याला मात्र स्वतःचे जीपीएस लागते.

कॉल आणि मराठी मेसेजचे काय?

‘ब्लूटूथ कॉलिंग’ म्हणजे घड्याळाला स्वतःचा नंबर नव्हे. फोन जवळ, साधारण त्याच खोलीत किंवा पर्समध्ये असावा लागतो. घड्याळ फक्त त्याचा माइक आणि स्पीकर होते. स्वयंपाक करताना किंवा दुचाकी बाजूला घेऊन दोन वाक्ये बोलायला हे सोयीचे. गर्दीच्या बसमध्ये मात्र आवाज ऐकू येत नाही आणि आपले बोलणे शेजाऱ्यापर्यंत जाते. फोनशिवाय बोलायचे असेल, तर ई-सिमचे पूर्ण स्मार्टवॉच आणि त्यासाठी जिओ किंवा एअरटेलची सेवा लागते. ते वेगळेच बजेट झाले.

फोन चुकू नये एवढाच हेतू असेल, तर मनगटाला जाणवणारी थरथर आणि पडद्यावरचे नाव पुरेसे आहे. ते साधा बँडही करतो. नाव पाहून पर्समधून फोन काढता येतो.

मराठी वाचकांनी एक चाचणी दुकानातच करावी. मधल्या आणि खालच्या किमतीच्या काही यंत्रांत देवनागरी अक्षरसंच नसतो किंवा अर्धवट असतो. मग मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात, किंवा जोडाक्षरे फुटून काना-मात्रा अक्षरापासून सुटतात. जोडणी करून दुसऱ्या फोनवरून ‘कृष्णाची प्रश्नपत्रिका दुरुस्त झाली’ असा मेसेज पाठवावा. तो नीट वाचता आला, तर घरच्या ग्रुपवरचे बाकीचेही वाचता येतील. खोक्यावर ‘हिंदी सपोर्ट’ लिहिलेले असणे ही चांगली खूण आहे, पण खरी कसोटी पडद्यावरच लागते.

सूचना दोन दिवस येतात आणि मग बंद पडतात, ही तक्रारही नेहमीची. बहुधा दोष घड्याळाचा नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो आणि त्यात घड्याळाचे अ‍ॅपही बंद होते. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पर्यायात `Unrestricted` निवडावे आणि `Notification access` मध्ये त्याला परवानगी द्यावी.

पूर्ण स्मार्टवॉच कोणासाठी?

ज्याला फोन न उघडता मेसेजला स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायचे आहे, नकाशा मनगटावर हवा आहे, फोन घरी ठेवून गाणी ऐकत धावायचे आहे, किंवा घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला ई-सिमसह घड्याळ द्यायचे आहे, त्यांच्यासाठी. मात्र आधी फोन पाहावा. अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही आणि त्याचे स्वस्तातले मॉडेलही सुमारे पंचवीस हजारांच्या घरात जाते. सॅमसंगची वेअर ओएस घड्याळे अँड्रॉइडवर चालतात, पण ईसीजीसारख्या काही सोयी सॅमसंगच्याच फोनवर मिळतात. उलट गॅलेक्सी फिट ३ हा बँड असूनही आयफोनशी जुळत नाही. म्हणजे ही खबरदारी बँड घेतानाही हवी.

सवलतीच्या काळात जुने पूर्ण स्मार्टवॉच निम्म्या किमतीत दिसते, तेव्हा ते बाजारात कधी आले ते पाहावे. तीन-चार वर्षांपूर्वीचे असेल, तर सॉफ्टवेअर अपडेट बंद झाल्यावर त्याची खासियत असलेली अ‍ॅपच एकेक करून मागे पडतात. ज्याला अ‍ॅपच नसतात त्या बँडला हा धोका कमी.

मग पाच हजारांत निवड काय?

पुन्हा आपल्या उदाहरणाकडे येऊ. तिला चार गोष्टी हव्या आहेत: चालण्याची नोंद, चुकणारे फोन, मराठी मेसेज आणि रक्तदाब. पहिल्या तीन बँड किंवा बँडसारखे घड्याळ करते. चौथी कोणतेच स्वस्त घड्याळ करत नाही. म्हणून पाच हजारांचे दोन भाग करणे शहाणपणाचे. साधारण दीड ते अडीच हजारांत दंडाला बांधायचे स्वयंचलित रक्तदाब यंत्र येते. उरलेल्या अडीच ते साडेतीन हजारांत सात दिवस चालणारा, देवनागरी दाखवणारा, नावाजलेल्या कंपनीचा बँड किंवा घड्याळ. तिच्या हाती सगळे मिळून दोन वस्तू येतात, पण दोन्ही आपापले काम खरेच करतात.

त्याऐवजी तिने संपूर्ण पाच हजार एकाच घड्याळावर घातले असते, तर पडदा अधिक सुंदर आणि अंग धातूचे मिळाले असते. रक्तदाब मात्र अंदाजावरच राहिला असता. आणि रक्तदाबाचा प्रश्न नसलेल्या, पण मैदानावर फोनशिवाय धावणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाने हेच पाच हजार स्वतःचे जीपीएस असलेल्या घड्याळावर घालणे योग्य ठरेल. बजेट तेच, गरज वेगळी.

खरेदीआधी आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा प्रमाणित असेल, तर तुटल्यावर कोणत्याही दुकानात मिळतो. बँडचे खास आकाराचे पट्टे शोधावे लागतात. चार्जर बहुधा त्याच मॉडेलचा लागतो, म्हणून तो सुटा मिळतो का हे विचारावे. पाण्याबाबत ‘५ एटीएम’ असेल तर पोहायला चालते. केवळ ‘आयपी ६८’ असेल तर पाऊस आणि हात धुण्यापुरतेच समजावे. दोन्ही प्रकारांत गरम पाणी आणि साबण टाळलेला बरा, कारण त्याने आतले रबरी सील कमकुवत होते.

ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करण्याची मुदत अनेकदा सात दिवसांचीच असते, आणि काही वेळा पैसे परत न मिळता फक्त बदलून मिळते. ही अट पैसे भरण्याआधी वाचावी. पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज करून तारीख लिहून ठेवावी, दुसऱ्या दिवशी नाडी आणि जिन्याची चाचणी करावी, तिसऱ्या दिवशी धावपट्टीवर पाच फेऱ्या माराव्यात. सातव्या दिवसाआधी बॅटरी संपली असेल किंवा सूचना सुटत असतील, तर पावती आणि खोके हाताशी असतानाच वस्तू परत करावी. खोके किमान मुदत संपेपर्यंत रद्दीत देऊ नये.